सोळा बकेटांचं चाक

पॉलिटेक्निकमधली माझी हायड्रॉलिक्सची जर्नल मी अजून टाकलेली नाही. कपाट आवरताना आई दर दिवाळीला ती रद्दीच्या ढिगावर ठेवते आणि मी दर दिवाळीला ती परत उचलून आणते. तिच्यातला पेल्टन व्हीलचा प्रयोग मी स्वच्छ अक्षरात लिहिला आहे, ग्राफही छान काढला आहे, आणि त्या ग्राफमधला एक बिंदू खोटा आहे. तो मी खोटा का लिहिला आणि तो खोटा असल्याचं कसं उघडकीस आलं, ते आज सांगते. आपल्या मंडळातल्या निम्म्या लोकांनी पेल्टन व्हील हे नावही ऐकलेलं नसेल. त्यामुळे आधी ते यंत्र.

पेल्टन व्हील म्हणजे एक पोलादी चाक. त्याच्या कडेला ओळीनं जोडवाट्या बसवलेल्या असतात. दोन वाट्या शेजारी शेजारी चिकटवल्यासारखा प्रत्येकीचा आकार आणि मधोमध एक धारदार कणा. या वाट्यांना बकेट म्हणतात. खूप उंचावरून आणलेलं पाणी नोझलमधून बारीक, घट्ट झोताच्या रूपात बाहेर पडतं, बकेटच्या कण्यावर आदळतं, दुभंगतं आणि दोन्ही वाट्यांमधून वळून जवळजवळ उलट दिशेनं बाहेर येतं. पाण्याला असं मागे वळवताना बकेटला पुढे रेटा बसतो आणि चाक फिरतं. चाक पाण्यात बुडालेलं नसतं, हवेत फिरत असतं.

आमच्या लॅबमधलं चाक छोटं होतं. चाकाच्या मध्यापासून झोत लागतो तिथपर्यंत साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे व्यास पाव मीटर. पंपाचा दाब २५ मीटर उंचीच्या पाण्याइतका ठेवायचा. तेवढ्या दाबानं १२ मिलिमीटर जाडीचा झोत सेकंदाला सुमारे २१.७ मीटर वेगानं सुटायचा. चाकाच्या दांड्यावर एक ड्रम, ड्रमभोवती दोर, दोराच्या एका टोकाला वजनं आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंग बॅलन्स. वजन वाढवलं की दोर ड्रमला आवळतो आणि चाक हळू होतं. प्रत्येक वजनाला टॅकोमीटरनं मिनिटाचे फेरे मोजायचे, वजन आणि फेरे यांवरून शक्ती काढायची, आणि कोणत्या वेगाला शक्ती सगळ्यात जास्त मिळते ते ग्राफवर दाखवायचं. एवढाच प्रयोग.

लॅब सांभाळणारे मामा बेळगावजवळच्या खेड्यातले. त्यांना सगळे मामाच म्हणायचे. चाकाच्या पेटीला समोरून एक पारदर्शक खिडकी होती. आम्ही मुलं टॅकोमीटर आणि वजनं यांतच गुंतलेलो असायचो. मामा मात्र खिडकीपाशी उभे राहायचे.

"काटा नंतर बघ गं," ते मला म्हणाले. "आधी पाणी बघ की."

मी पाहिलं. वजन काहीच नव्हतं तेव्हा चाक भन्नाट फिरत होतं आणि बकेटमधून सुटलेलं पाणी चाकाच्याच दिशेनं पुढे भिरकावलं जात होतं. पुष्कळ वजन लावलं तेव्हा चाक रेंगाळलं आणि पाणी उसळून नोझलच्या बाजूला मागे येऊ लागलं. मधल्या एका वजनाला मात्र पाणी ना पुढे गेलं, ना मागे. बकेटच्या दोन्ही कडांवरून बाहेर पडलं आणि खाली कोसळलं.

"आता बघ. मेल्यासारखं पडालंय," मामा म्हणाले. "त्याच्यातला जीव चाकानं काढून घेतला. इथंच तुझं सगळ्यात मोठं रीडिंग येणार."

आणि तसंच झालं. दोरावर ३.२ किलोचा निव्वळ भार होता, चाक मिनिटाला ७५० फेरे करत होतं आणि शक्ती ३७० वॉट निघाली. त्याआधी २.४ किलोला ९४० फेरे आणि ३४८ वॉट मिळाले होते. नंतर ४.० किलोला ५६५ फेरे आणि पुन्हा ३४८ वॉट. ७५० च्या दोन्ही बाजूंना शक्ती उतरत होती. कच्च्या कागदावर मी रीडिंग लिहिली, मामांनी खाली सही केली आणि मी घरी आले.

घरी आल्यावर मला हुशारी सुचली. प्रयोगाचं उत्तर आधी गणितानं काढावं, मग ग्राफ काढावा, असं ठरवून मी बसले. बकेट समोरून पळते आहे, झोत तिच्या मागून येतो आहे. पाणी बकेटवर आदळतं ते दोघांच्या वेगांतल्या फरकानं. म्हणून रेटा त्या फरकावर अवलंबून. शिवाय बकेट पळते आहे म्हणजे तिच्यापर्यंत पोचणारं पाणीही कमीच, तेही त्याच फरकाच्या प्रमाणात. म्हणजे रेटा फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात झाला. त्याला बकेटच्या वेगानं गुणलं की शक्ती. डेरिव्हेटिव्ह काढलं, शून्याशी समान धरलं आणि उत्तर आलं: बकेटचा वेग झोताच्या वेगाच्या एक तृतीयांश असताना शक्ती सगळ्यात जास्त.

गणितात एकही चूक नव्हती. मी तीनदा तपासलं. २१.७ चा एक तृतीयांश म्हणजे सेकंदाला ७.२ मीटर, आणि आमच्या चाकाला तेवढा वेग मिळतो मिनिटाला साधारण ५५० फेऱ्यांना. माझ्याकडे ५६५ फेऱ्यांचं रीडिंग होतंच! फक्त तिथं शक्ती ३४८ वॉट होती आणि ७५० ला ३७०. मला वाटलं, वजनं घाईत मोजली असणार. मामांचा स्प्रिंग बॅलन्स तसाही गंजका. मी ४.० किलोचे ४.६ किलो केले. एक आकडा बदलला की शक्ती ४०० वॉट झाली आणि शिखर जिथं हवं तिथं येऊन बसलं. ग्राफ सुंदर आला. त्या रात्री मी अगदी शांत झोपले, हे आज लिहायला लाज वाटते.

व्हायवाला बाहेरचे परीक्षक आले होते. वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी जर्नल उघडली आणि शक्तीच्या ग्राफकडे पाहिलंच नाही. कोपऱ्यातल्या दुसऱ्या, छोट्या ग्राफवर बोट ठेवलं. त्यात आडवे फेरे आणि उभा भार होता.

"हे सगळे बिंदू एका सरळ रेषेवर आहेत," ते म्हणाले. "हा एकच बाहेर उडी मारून का उभा आहे?"

मी गप्प. माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं की भार आणि वेग यांची रेषा सरळ यायला हवी. ४.० किलोवर तो बिंदू रेषेत बसत होता. ४.६ वर तो रांगेतून डोकं वर काढलेल्या पोरासारखा दिसत होता.

"शिखर कुठं यायला हवं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "एक तृतीयांशाला, सर." आणि पाटीवर सगळं डेरिव्हेशन करून दाखवलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "लॅबमधल्या चाकाला बकेट किती आहेत?"

"सोळा."

"मग गणित एकाच बकेटचं का केलंत?"

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मार्क दिले ते जेमतेम पास होण्याइतके.

मी तशीच लॅबमध्ये गेले. मामा पेटी पुसत होते. त्यांनी ड्रॉवरमधून माझा कच्चा कागद काढला. माझ्याच अक्षरात लिहिलेलं ४.० आणि खाली त्यांची सही. परीक्षकांनी आधीच त्यांच्याकडून मागवून पाहिला होता म्हणे. मामा रागावले नाहीत. "पाण्यानं तुला सांगितलं होतं की," एवढंच म्हणाले आणि पेटीचं झाकण काढून दिलं. मी चाक हातानं हळूहळू फिरवत बसले. माझ्या गणितात काय चुकलं होतं ते त्या अर्ध्या तासात कळलं.

एकच बकेट सरळ पुढे पळत असेल तर माझं गणित खरंच बरोबर आहे. झोत तिच्या मागे धावतो, पण ती पळत असल्यानं नोझल आणि बकेट यांच्यातलं अंतर वाढतच जातं. नोझलमधून सुटलेल्या पाण्यातला काही भाग त्या वाढत्या अंतरातच अडकून राहतो, बकेटपर्यंत पोचतच नाही. बकेट एक तृतीयांश वेगानं पळत असेल तर सुटलेल्या पाण्यापैकी दोन तृतीयांशच कामाला येतं. मग बकेटनं फार जोरात पळून चालणार नाही, पाणी हातचं जाईल. म्हणून तिला हळू पळणं परवडतं.

चाकावर असं होत नाही. पहिली बकेट झोताच्या वाटेतून वर सरकू लागते तोच दुसरी मागून येते आणि झोत मध्येच कापते. नोझलपासून दुसऱ्या बकेटपर्यंतचं पाणी दुसरीचं. पण कापला गेलेला पुढचा तुकडा कुठं जातो? तो पुढेच धावत राहतो. त्याचा वेग पहिल्या बकेटच्या वेगाहून जास्त असल्यानं तो तिला गाठतो आणि शेवटच्या थेंबापर्यंत तिच्यात शिरतो. एका वेळी अशा दोन-तीन बकेट काम करत असतात. बकेटच्या टोकाला जी खाच असते तीही याचसाठी. नव्या बकेटचं टोक झोतात शिरताना पुढच्या बकेटला लागणारा झोत उगाच विस्कटू नये म्हणून तिथला तुकडा कापून काढलेला असतो. मी त्या खाचेला इतके दिवस ओतकामातला दोष समजत होते.

म्हणजे एक बकेट पाणी निसटू देते, पण सोळा बकेटांचं चाक मिळून काहीच निसटू देत नाही. नोझलमधून सेकंदाला जेवढं पाणी सुटतं तेवढं सगळं कामाला येतं, मग चाक हळू फिरो की जोरात. आमच्या झोतात सेकंदाला सुमारे अडीच लिटर पाणी होतं. ते अडीच लिटरच राहतं. माझ्या गणितातला दुसरा "फरक", म्हणजे पोचणारं पाणी कमी होण्याचा भाग, चाकाला लागूच नव्हता. तो काढला की रेटा फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात राहत नाही, नुसत्या फरकाच्या प्रमाणात येतो. ग्राफवर ती सरळ रेषा. चाक थांबलेलं असताना रेटा सगळ्यात जास्त, चाक झोताच्या वेगानं पळू लागलं की शून्य, आणि मध्ये पट्टीनं आखल्यासारखी उतरण. परीक्षकांनी माझा खोटा बिंदू याच रेषेवरून पकडला.

आता शक्ती म्हणजे रेटा गुणिले बकेटचा वेग. इथं डेरिव्हेटिव्हची गरजच नाही. झोताचा वेग ही एक ठरावीक लांबीची दोरी समजा. तिचे दोन तुकडे करायचे आहेत. एक तुकडा बकेटचा वेग, उरलेला तुकडा म्हणजे फरक. या दोन तुकड्यांच्या लांबी-रुंदीचा आयत काढला तर त्याचं क्षेत्रफळ म्हणजे शक्ती. दोन बाजूंची बेरीज ठरलेली असताना सगळ्यात मोठा आयत कोणता, हे आपण शाळेत शिकलो आहोत: चौरस. दोन्ही तुकडे सारखे. म्हणजे बकेटचा वेग झोताच्या वेगाच्या बरोबर निम्मा.

हेच मामांच्या खिडकीतूनही पाहता येतं. सोपे आकडे घेऊ. झोत सेकंदाला २० मीटर, बकेट १० मीटर. बकेटवर बसलेल्या मुंगीला पाणी १० च्या वेगानं आत येताना दिसेल आणि वळून १० च्याच वेगानं मागे जाताना दिसेल. पण मुंगी स्वतः १० नं पुढे चालली आहे. जमिनीवर उभ्या असलेल्या मामांना ते पाणी किती वेगानं जाताना दिसेल? मागे १०, पुढे १०, म्हणजे शून्य. पाणी जागच्या जागी खाली पडतं. त्यात नोझलमधून सुटताना जी ऊर्जा होती ती सगळी चाकाकडे गेली. बकेट ६ नं चालली तर पाणी १४ नं आत येतं, १४ नं मागे वळतं आणि मामांना ८ नं मागे उसळताना दिसतं. बकेट १५ नं पळाली तर तेच पाणी १० नं पुढे भिरकावलं जातं. दोन्ही वेळा पाणी काहीतरी शिल्लक घेऊन निघून जातं. क्रिकेट खेळणाऱ्यांना हे हातानं माहीत आहे. वेगानं आलेल्या चेंडूला बॅट नेमकी मागे घेत लावली की चेंडू पायाशी मरून पडतो.

मग एक शंका मला तेव्हाच आली. पाणी खरंच मेलं, अजिबात हललं नाही, तर ते बकेटच्या बाहेर कसं येणार? तिथंच तुंबून राहील आणि मागून येणाऱ्या बकेटच्या पाठीवर आदळेल. म्हणूनच बकेट पाण्याला पुरतं उलटं, म्हणजे १८० अंश वळवत नाही. साधारण १६५ अंशांपर्यंत वळवते आणि पाणी थोडं कडेला सोडते. त्या कडेच्या वेगावर ते चाकाबाहेर निघून जातं. या सौजन्यापायी शंभरातली दोनेक टक्के ऊर्जा जाते. ती जाऊ द्यावीच लागते.

एक गोष्ट मात्र अजून सुटली नव्हती. सिद्धांत म्हणतो निम्मा. आमचं शिखर ७५० फेऱ्यांना आलं होतं. त्या वेळी बकेटचा वेग ९.८ मीटर, म्हणजे झोताच्या ४५ टक्के. उरलेले पाच टक्के कुठं गेले? माझा पहिला अंदाज होता, बकेटमध्ये पाणी घासतं म्हणून. तो चुकीचा निघाला. बकेटमधल्या घर्षणानं पाणी थोडं मंदावतं आणि रेटा कमी होतो, पण ज्या प्रमाणात होतो ते प्रमाण सगळ्या वेगांना सारखंच. सरळ रेषा थोडी कमी उभी होते, पण खाली टेकते त्याच जागी, जिथं बकेट झोताइतकीच पळते. शिखर त्या रेषेच्या मध्यावरच राहतं. शिखर खाली सरकवतात ते दुसरे दोघं. एक बेअरिंगचं घर्षण आणि दुसरा हवेचा आणि उडणाऱ्या तुषारांचा अडसर. हे दोघं रेट्यातून आपला हिस्सा सरळ वजा करतात, आणि चाक जितकं जोरात तितका हवेचा हिस्सा मोठा. त्यामुळे रेषा लवकर जमिनीला टेकते. आमचं चाक काहीही भार नसताना १५०० फेरे करायचं. झोताशी बरोबरी करायला साडेसोळाशेच्या वर फेरे लागले असते. १५०० चा निम्मा ७५०. मामांचं शिखर तिथंच होतं. आमच्या गंजक्या यंत्रानं आपलं घर्षणसुद्धा प्रामाणिकपणे लिहून दिलं होतं.

मोठ्या, नीट बनवलेल्या चाकांवरही हा आकडा साधारण ४६-४७ टक्क्यांच्या आसपास येतो. त्यानं फारसं बिघडत नाही, कारण शिखर टोकदार नसतं, टेकडीसारखं पसरट असतं. आदर्श चाक निम्म्याऐवजी ४६ टक्क्यांवर चालवलं तर शंभरातला एकसुद्धा टक्का जात नाही. पण माझ्या लाडक्या एक तृतीयांशावर चालवलं तर अकरा टक्के ऊर्जा पाण्याबरोबर गटारात जाते.

पुढे वाचताना मला कळलं की माझी चूक फार जुनी आहे, आणि चांगल्या घरातली आहे. १७०४ मध्ये आंत्वान पारां या फ्रेंच गणितज्ञानं ओढ्याच्या प्रवाहानं फिरणाऱ्या पाणचक्कीचं असंच गणित केलं. रेटा वेगातल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात धरला आणि सांगितलं, चाकानं प्रवाहाच्या एक तृतीयांश वेगानं फिरावं. पन्नासहून अधिक वर्षं हे उत्तर ग्रंथांमध्ये राहिलं. १७५९ मध्ये इंग्लंडच्या जॉन स्मीटननं लहान नमुन्याचं चाक बनवलं, त्यावर वजनं उचलून पाहिली आणि रॉयल सोसायटीपुढे मांडलं की उत्तम वेग एक तृतीयांशाहून जास्त येतो, निम्म्याकडे झुकतो. स्मीटननं आकडे बदलले नाहीत. १७६७ मध्ये बोर्दा या फ्रेंच अभियंत्यानं कारण सांगितलं: चाकाला पाती एकामागून एक येत असतात, त्यामुळे सगळंच पाणी कामाला येतं, म्हणून रेटा फरकाच्या प्रमाणात धरायला हवा, वर्गाच्या नाही. उत्तर निम्मं. माझ्या परीक्षकांनी सोळा बकेटांवरून मला जे विचारलं ते हेच.

पण तेव्हाची पाती सपाट होती. सपाट पात्यावर पाणी आदळून पसरतं, मागे वळत नाही. वेग निम्मा ठेवला तरी अर्धी ऊर्जाच हाती येते. पाण्याला नीट मागे वळवणारी दुहेरी वाटी मिळायला आणखी शंभरावर वर्षं गेली. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या भागात सुतारकाम आणि यंत्रकाम करणाऱ्या लेस्टर पेल्टननं मधला कणा असलेली बकेट बनवली आणि १८८० मध्ये तिचं पेटंट घेतलं. १८८३ मध्ये एका खाणीसाठी चाकांची स्पर्धा झाली, तीत त्याच्या चाकानं ९० टक्क्यांहून थोडी जास्त कार्यक्षमता दाखवली आणि बाकीची मागे पडली. वेगाचं उत्तर बोर्दाकडून, वाटीचं पेल्टनकडून.

आपल्या जवळचं उदाहरण कोयनेचं. पोफळीला डोंगराच्या पोटातल्या वीजघरात पेल्टनचीच चाकं आहेत आणि पाणी साधारण पावणेपाचशे मीटर उंचीवरून येतं. एवढ्या उंचीमुळे झोत सेकंदाला ९५ मीटरच्या आसपास सुटतो. म्हणजे बकेटनं ४५ च्या आसपास चालायला हवं. पण तिथं चाकाला हवा तो वेग निवडायची मोकळीक नसते. जनित्राला ५० हर्ट्झची वीज द्यायची असल्यानं फेरे ठरलेलेच असतात. समजा ते मिनिटाला ३०० आहेत. मग प्रश्न उलटा होतो: तीनशे फेऱ्यांना कडेचा वेग ४५ मीटर यायला चाक केवढं हवं? उत्तर येतं जवळपास तीन मीटर व्यास. आम्ही लॅबमध्ये वेग बदलून शिखर शोधलं. वीजघरात शिखर चाकाच्या व्यासातच कोरलेलं असतं.

आणि मागणी कमी-जास्त झाली तर? नोझलमध्ये भाल्याच्या टोकासारखी एक सुई असते. ती पुढे सरकवली की झोत बारीक होतो, मागे घेतली की जाड. पाणी कमी-जास्त होतं, पण झोताचा वेग उंचीवर ठरतो, म्हणून तो तसाच राहतो. निम्म्याचं नातं मोडत नाही. पाणी निम्म्यावर आणलं तरी पेल्टनचं चाक जवळजवळ तेवढ्याच कार्यक्षमतेनं चालतं ते यामुळे.

डिप्लोमा संपवून मी इथं बी.एस्सी.ला आले, मंडळात आले. मध्ये एकदा मामांना भेटायला गेले होते. ते निवृत्त झालेत. त्यांना बोर्दाची गोष्ट सांगितली तर म्हणाले, "त्यानंपण खिडकीतनंच बघितलं असणार." मी म्हटलं, त्या काळी खिडकी नव्हती, चाकच उघडं होतं. "मग तर झालंच की," मामा म्हणाले.

यंदा दिवाळीत जर्नल रद्दीतून परत आणली तेव्हा ती उघडली. ४.६ वर एक रेघ मारली आणि शेजारी ४.० लिहिलं. खाली तारीख घातली आणि सही केली. ग्राफवरचा बिंदू खोडला नाही. त्याच्या खाली, रेषेवर, नवा बिंदू काढला. आता दोन्ही दिसतात.